‘बाटलीबंद’ ते ‘बाटली बंद’
छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलांतली एक सूचना आणि तिच्या मागचे पाणी

‘प्रिय अतिथी, येत्या एक तारखेपासून आपल्या खोलीत प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या जाणार नाहीत. प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ शुद्ध पेयजल केंद्र बसविण्यात आले आहे. खोलीतील काचेची बाटली आपण तेथे भरून घेऊ शकता. पर्यावरण रक्षणाच्या या कार्यात आपले सहकार्य अपेक्षित आहे.’

शब्द इकडचे तिकडे होतात, ‘अतिथी’चा ‘पाहुणा’ होतो, खाली हिरवे पान छापलेले असते किंवा नसते. पण एकेकदा वापरून फेकायची पाण्याची बाटली बंद करणाऱ्या हॉटेलांची सूचना एवढीच असते. चार वाक्ये. दरपत्रके, मेनूकार्डे, लॉजमधल्या ‘येथे थुंकू नये’पासून ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनावर नाही’पर्यंतच्या पाट्या असा फुटकळ कागद जमवण्याचा मला नाद आहे. त्या ढिगात ही सूचना मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. बाकीच्या पाट्या पाहुण्याला काही करू नका म्हणतात. ही पाटी मात्र स्वतःच्या अंगावर एक जबाबदारी घेते, आणि ती जबाबदारी नेमकी कशी पेलणार हे चारही वाक्यांत कुठे लिहीत नाही. त्यातही आमचे शहर असे, की इथे नळाला पाणी येणे ही बातमी असते. इथे ‘मजल्यावर पाणी भरून घ्या’ असे लिहायला धाडस लागते.

कारणांपासून सुरुवात करू, कारण सूचनेत कारण एकच आहे आणि ते सर्वांत शेवटी आहे.

पाहुण्यांची पहिली समजूत अशी असते की सरकारने बाटल्या बंद केल्या म्हणून हॉटेलानेही केल्या. तसे नाही. महाराष्ट्र शासनाची प्लास्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018ची. तिने पिशव्या आणि थर्मोकोलची ताटे-वाट्या बंद केल्या; पाण्याच्या नेहमीच्या बाटलीवर मात्र बंदी न घालता अनामत रकमेची वाट सुचवली. लहान बाटलीला दोन रुपये, लिटरच्या बाटलीला एक रुपया. रिकामी बाटली परत दिली की पैसे परत. कल्पना चांगली होती, आपल्या सोड्याच्या बाटलीची जुनीच पद्धत ती. पण दुकानात रिकामी बाटली देऊन रुपया परत घेतलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पुढे केंद्र सरकारने 1 जुलै 2022पासून ‘एकल वापर प्लास्टिक’च्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आणली. त्या यादीत स्ट्रॉ आहेत, कानकोरण्याच्या काड्या आहेत, फुग्यांच्या काड्या, ताटल्या, चमचे, पेले, मिठाईच्या खोक्यावरचे वेष्टन आहे. पाण्याची बाटली नाही. म्हणजे एकदाच वापरायची वस्तू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी पहिली येते, तीच कायद्याच्या यादीत नाही. त्यामुळे हॉटेलाची सूचना ही सक्ती नव्हे, मर्जी आहे. आणि मर्जीच्या मागे हिशेब असतो.

बाटली यादीत का नाही, याचे उत्तर भंगाराच्या दुकानात मिळते. पाण्याची बाटली ज्या पेट नावाच्या प्लास्टिकची असते, त्याला भंगारात भाव आहे. कचरा वेचणाऱ्या बाया पिशवीला हात लावत नाहीत, चिप्सच्या चकचकीत पाकिटाला तर नाहीच. बाटली मात्र उचलतात. तिचे तुकडे होतात, धुतले जातात, आणि त्यातून बहुतांशी पॉलिस्टरचा धागा निघतो. तो सतरंजीत, उशीत, टी-शर्टात जातो. म्हणून ‘ही बाटली शेकडो वर्षे जमिनीत पडून राहील’ हे सूचनेतले लाडके वाक्य हॉटेलातून निघालेल्या बाटलीबद्दल बरेचदा खोटे असते. हॉटेलाच्या मागच्या दारी भंगारवाला ठरलेला असतो. जमिनीत आणि ओढ्यात जाते ती वेरूळच्या घाटात गाडीच्या काचेतून बाहेर पडलेली बाटली, तिचे झाकण, तिच्यावरचा कागदासारखा दिसणारा पातळ वेष्टनाचा पट्टा. शिवाय धागा झाला की त्या धाग्याची पुन्हा बाटली होत नाही. नवी बाटली बहुधा नव्याच कच्च्या मालाची असते. बाटली बंद करण्याची खरी पर्यावरणीय कारणे ही आहेत: मागणी कमी होणे आणि रस्त्यावरची गळती थांबणे. हॉटेलातल्या खोलीपुरता विचार केला तर फायदा सूचनेत वाटतो तेवढा मोठा नाही. रस्त्याचा विचार केला तर तो वाटतो त्याहून मोठा होऊ शकतो. या रस्त्याकडे पुढे यायचे आहे.

आता पैशाचा हिशेब. एक हॉटेल कल्पू: साठ खोल्या, वर्षाची सरासरी काढली तर रोज चाळीस भरलेल्या. प्रत्येक खोलीत अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या फुकट, म्हणजे ऐंशी. सभागृहात, परिषदेच्या टेबलांवर चाळीस. त्या भाड्यातच धरलेल्या असतात. उपाहारगृहात ऐंशी बाटल्या विकल्या जातात. दिवसाला दोनशे, वर्षाला 73,000. एक बाटली बारा ग्रॅमची धरली तर वर्षाचे प्लास्टिक 876 किलो, पाऊण टनाहून जास्त. एवढ्या वजनाचे कौतुक अनेक अहवालांत असते, आणि ते चूक नाही.

पण तोच हिशेब रुपयांत मांडून पाहावा. घाऊक भावात बाटली सहा रुपयांना पडते असे धरू. खोल्यांतल्या ऐंशी बाटल्यांचा वर्षाचा खर्च 1,75,200 रुपये. हा निव्वळ खर्च. त्या बंद केल्या की तो वाचतो. उपाहारगृहातल्या ऐंशी बाटल्या मात्र चाळीस रुपयांना विकल्या जातात असे धरले, तर प्रत्येकीमागे चौतीस रुपये सुटतात आणि वर्षाला ही रक्कम जवळजवळ दहा लाखांवर जाते. हॉटेलाला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात का, हा वाद वर्षानुवर्षे चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 2017 रोजी हॉटेल-उपाहारगृहांच्या महासंघाच्या बाजूने निकाल दिला. गिऱ्हाईक हॉटेलात केवळ बाटली विकत घ्यायला येत नाही, तिथल्या वातावरणाचा आणि सेवेचा लाभ घ्यायला येते, त्यामुळे छापील किमतीचे बंधन तिथे लागू होत नाही, असा त्याचा आशय. तेव्हापासून टेबलावरची सीलबंद बाटली हा मेनूकार्डावरचा सर्वांत निर्धास्त पदार्थ आहे. तिला आचारी लागत नाही, ती नासत नाही, आणि ‘साधं की बिसलेरी?’ या एका प्रश्नाने ती खपते.

सूचना कुठे लावली आहे, याला म्हणूनच अर्थ आहे. सूचना खोलीत असेल आणि उपाहारगृहात वेटर तोच जुना प्रश्न विचारत असेल, तर हॉटेलाने फुकटची बाटली बंद केली आहे, विकायची नाही. हे करू नये असे मी म्हणत नाही. पावणेदोन लाख वाचवून त्यात मजल्यावरची यंत्रे बसवणे हा रास्त व्यवहार आहे. पण मग कारणाच्या रकान्यात एकट्या पर्यावरणाचे नाव घालू नये.

‘बिसलेरी’ या शब्दाचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगण्यासारखी. हा इटालियन नावाचा माल 1965मध्ये मुंबईत आला तो काचेच्या बाटल्यांतून, आणि मुख्यतः मोठ्या हॉटेलांसाठी. 1969मध्ये पार्लेच्या चौहानांनी तो विकत घेतला. प्लास्टिक नंतर आले. म्हणजे हॉटेलातल्या बाटलीबंद पाण्याचा पहिला अवतार काचेचाच होता. आणि त्याच काळात साध्या हॉटेलात, म्हणजे आपण ज्याला खाणावळ किंवा हॉटेल म्हणतो तिथे, ऑर्डर घेण्याआधी पोऱ्या चार बोटे चार पेल्यांत बुडवून पाणी आणून ठेवीत होता. त्या बुडालेल्या बोटांनीच सीलबंद बाटलीचा धंदा उभा केला, असे माझे मत आहे. बाटलीत पाण्यापेक्षा झाकणाची ती ‘कट्’ अशी आवाज करणारी कडी विकली जाते. हे पाणी माझ्या आधी कुणी हाताळलेले नाही, एवढे ती सांगते. मजल्यावरच्या केंद्राला ही कडी नाही. तिथला विश्वास दुसऱ्या कशाने तरी कमवावा लागतो, आणि तो कमवायचा कसा हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

त्यासाठी केंद्राच्या नळातून मागे मागे जाऊन ते पाणी येते कुठून ते पाहू.

शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, नाथसागरातून येते. शहर वर आहे, धरण खाली. पाणी उपसून, ढकलत आणावे लागते. जुन्या दोन जलवाहिन्या, एक 1970च्या दशकातली 700 मिलिमीटर व्यासाची, दुसरी 1990च्या दशकातली 1400 मिलिमीटरची. शहर वाढत गेले आणि त्या म्हाताऱ्या होत गेल्या. 2019 साली 1,680 कोटींची नवी योजना मंजूर झाली, तिचा खर्च पुढे 2,740 कोटींवर गेला, आणि तिच्यासाठी माणूस उभा राहील अशी 2500 मिलिमीटरची वाहिनी टाकली गेली. पण मधली कित्येक वर्षे बऱ्याच वसाहतींना चार ते दहा दिवसांच्या अंतराने पाणी मिळाले. इथल्या माणसाला ‘आज पाण्याचा दिवस आहे’ हे वाक्य सणाच्या दिवसासारखे कळते.

हॉटेल दहा दिवस थांबू शकत नाही. म्हणून हॉटेलाच्या तळटाकीत तीन पाणी एकत्र येतात: नळाचे, बोअरचे आणि टँकरचे. तिघांचे स्वभाव वेगळे. धरणाचे शुद्ध केलेले पाणी सौम्य असते, त्यात क्षार कमी. पण वाहिनी जेव्हा दिवसेंदिवस रिकामी राहते तेव्हा आतला दाब जातो, आणि फुटलेल्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ आणि सर्वांत संशयास्पद असते. बोअरचे पाणी काळ्या कातळातून येते, दिसायला काचेसारखे आणि वागायला जड. बादलीवर पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर खडू. वस्तीतल्या बोअरमध्ये शौचखड्ड्यांचे आणि गटारांचे झिरपलेले नायट्रेटही असू शकते. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडायला सवलत नाही. टँकरचे पाणी कुठले हे टँकरवाल्याला माहीत असते.

त्यामुळे ‘आमच्याकडे शुद्धीकरण यंत्र आहे’ हे उत्तर अपुरे आहे. आज टाकीत काय आहे यावर यंत्राचे काम ठरते, आणि ते दर आठवड्याला बदलते.

मजल्यावरचे स्टीलचे ते कपाट उघडले तर आत साधारण अशी साखळी असते. आधी धाग्याचा गाळणारा फिल्टर, तो गाळ धरतो. मग सक्रिय कोळसा. तो वास, रंग आणि क्लोरीन शोषून घेतो. मग आरओचा पडदा, जो क्षार आणि नायट्रेट अडवतो. मग अतिनील किरणांचा दिवा, जो उरलेले जंतू मारतो. मग साठवण टाकी, थंड करणारे यंत्र आणि नळ. पाहुण्याला आरओ हा शब्द ओळखीचा असतो म्हणून हॉटेल तोच मोठ्या अक्षरांत लिहिते. पण घोटाळा बहुतेक वेळा आरओत होत नाही, कोळशाच्या पुढे होतो.

महापालिका किंवा हॉटेल टाकीत क्लोरीन घालते ते पाणी वाटेत राखण्यासाठी. मानकाप्रमाणे घरातल्या नळाशी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे. ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारा माणूस ते रोज तपासतो: काचेच्या नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, पिवळा रंग आला की ठीक. कोळशाने हा राखणदार काढून टाकला, म्हणजे पाण्याला चव आली आणि संरक्षण गेले. पुढच्या टाकीत, थंड करणाऱ्या नळ्यांत, नळाच्या तोंडात जे काही वाढेल त्याला अडवणारे कुणी नाही. अतिनील दिवा समोरून जाणाऱ्या पाण्यातले जंतू मारतो, पण पाण्याबरोबर पुढे जात नाही. रात्रभर स्थिर राहिलेल्या पाण्यात नळ्यांच्या आतून एक बुळबुळीत पातळ थर धरतो. माठ आतून बुळबुळीत झाला की आजी तो राखेने घासून उन्हात ठेवायची; हा तोच थर, फक्त आता दिसत नाही आणि हात पोचत नाही.

दिव्याचीही एक खोड आहे. त्याचे आयुष्य साधारण नऊ हजार तासांचे, म्हणजे चोवीस तास चालला तर एक वर्ष. वर्षानंतरही तो निळसर जळत राहतो, पण जंतू मारणारे किरण पुरेसे निघत नाहीत. शिवाय बोअरच्या पाण्याचा खडू दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर बसला तर नवा दिवाही आंधळा होतो. जळतो आहे म्हणजे चालतो आहे, या समजुतीवर अनेक यंत्रे पडून असतात.

दुसरी समजूत मीटरची. पाहुण्याने शंका काढली की पेनाएवढा टीडीएस मीटर आणून पाण्यात बुडवला जातो. आकडा येतो पन्नास, आणि शंका मिटते. हा मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, दुसरे काहीही नाही. गटाराचा एक थेंब त्या पेल्यात टाकला तरी आकडा जागचा हलणार नाही. ज्या चाचणीने खरे कळते ती कंटाळवाणी आहे: पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत, आणि 100 मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म एकही नको. मधल्या काळासाठी गावोगावच्या आरोग्यसेवकांच्या ओळखीची एचटूएसची लहान बाटली पुरते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे. काळे पडले तर विष्ठेचा संसर्ग असल्याचा संशय घ्यायचा आणि नळ बंद करायचा. नमुना मात्र टाकीतून नाही, पाहुणा ज्या नळाला बाटली लावतो त्या नळातूनच घ्यावा. टाकी शुद्ध आणि नळ अशुद्ध हा नेहमीचा प्रकार आहे, कारण लोक आपल्या तोंडाला लावलेल्या बाटलीचे तोंड नळाला टेकवून भरतात. नळ आत दडवलेला, बाटलीच्या तोंडापासून दोन-तीन इंच वर असला तर हे टळते. ही एवढीशी गोष्ट यंत्र विकत घेताना बघितली जात नाही.

आरओचा आणखी एक मुद्दा आमच्या शहरात टाळता येत नाही: तो पाणी फेकतो. मजल्यावरची लहान यंत्रे आत गेलेल्या पाण्यापैकी पाव ते एक तृतीयांशच पिण्याजोगे देतात. आपल्या कल्पित हॉटेलातल्या दोनशे बाटल्यांचे पाणी शंभर लिटर. ते मिळवायला तीन-चारशे लिटर आत घ्यावे लागेल आणि दोन-तीनशे लिटर मोरीत जाईल. राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019मध्ये म्हटले होते की जिथे क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओ वापरू नये, आणि जिथे वापराल तिथे निदान साठ टक्के पाणी परत मिळाले पाहिजे. धरणाच्या पाण्याला बारीक गाळणी आणि दिवा पुरतो. बोअर किंवा टँकर आला की आरओ लागतो. म्हणून मजल्या-मजल्यावर वेगळी लहान आरओ यंत्रे टांगण्यापेक्षा गच्चीवर किंवा तळघरात एकच मोठे यंत्र बसवावे, त्याचे टाकाऊ पाणी फरशी आणि संडासाच्या टाक्यांकडे वळवावे, आणि मजल्यांवर फक्त दिवा आणि नळ ठेवावा हे मला शहाणपणाचे वाटते. ते थोडे महाग पडते आणि इमारतीत नळ्या ओढाव्या लागतात. घाईतली हॉटेले म्हणून कपाटे टांगतात.

इथे प्रमाणाचे भान ठेवायला हवे. हॉटेलांसाठी पाण्याचे जे मानक वापरतात ते खाटेमागे दिवसाला 180 लिटरचे. सत्तर पाहुणे धरले तर 12,600 लिटर. पिण्याचे शंभर लिटर त्यात एक टक्काही नाहीत. सूचना या एका टक्क्याबद्दल बोलते, आणि न्हाणीघरातल्या नव्व्याण्णवांबद्दल टॉवेलवरची दुसरी चिठ्ठी बोलते. तरी पाहुण्याचे पोट बिघडते ते या एका टक्क्याने.

खोलीतल्या काचेच्या बाटलीचेही तसेच. तिचे तोंड अरुंद असते. आतून घासायला लांब ब्रश हवा, गरम पाणी हवे, आणि धुतल्यावर ती उलटी टांगून कोरडी व्हायला हवी. झाकणातली रबराची चकती काढून धुतली नाही तर तिच्याखाली काळी रेघ धरते. खोलीत शिरल्यावर आधी ती चकती उचलून पाहावी. हाऊसकीपिंगच्या माणसाला एका खोलीसाठी ठरावीक मिनिटे मिळतात. बाटली धुण्याचे काम त्या मिनिटांत कोंबले, तर तो ती नुसती विसळून ठेवणार, हा त्याचा दोष नाही. ज्या मोठ्या साखळ्यांनी हे नीट केले त्यांनी बाटल्या खोलीत धुतल्याच नाहीत. ताजसारख्या कंपनीने आपल्या काही हॉटेलांत काचेच्या बाटल्या धुऊन, भरून, झाकण लावणारे छोटे कारखानेच उभारले. तिथे झाकणाची ती ‘कट्’ पुन्हा मिळते, फक्त प्लास्टिक जाते. साठ खोल्यांच्या हॉटेलाला तो कारखाना परवडत नाही. त्याने खोलीतली बाटली खाली मुदपाकखान्यात नेऊन भांड्यांबरोबर धुवावी, आणि खोलीत धुतलेलीच आणून ठेवावी. म्हणजे मजल्यावर जाऊन बाटली पहिल्यांदा भरण्याचे कामही पाहुण्यावर पडत नाही. म्हाताऱ्या पाहुण्याला रात्री अकरा वाजता गोळी घ्यायला लिफ्टपर्यंत पाठवणे हे पर्यावरण रक्षण नव्हे.

या शहराला सामायिक पाण्याची सवय नवी नाही, हे जाता जाता सांगायला हवे. सतराव्या शतकाच्या आरंभी, शहराचे नाव अजून खडकी होते तेव्हा, मलिक अंबरने डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणले. नहर-ए-अंबरी आणि तिच्या पाठोपाठच्या नहरींना जागोजागी उभे बंब होते, हवा निघायला आणि माणसाने आत उतरून गाळ काढायला. पुढे पाणचक्कीचे पाणीही असेच कित्येक किलोमीटरवरून बंद नळातून येऊन वरून हौदात पडू लागले. आज पर्यटक त्या पडणाऱ्या पाण्याचा फोटो काढतात, पण त्यामागची करामत बंबांत आहे. शेकडो वर्षे पाणी चालले ते माणूस आत पोचू शकत होता म्हणून. मजल्यावरच्या स्टीलच्या कपाटात माणूस पोचावा अशी सोय क्वचितच असते. कपाटाची चावी कंत्राटदाराकडे असते आणि कंत्राटदार शहराच्या दुसऱ्या टोकाला.

राहता राहिली सकाळ, आणि सूचना खरी कसाला लागते ती तेव्हा. या शहरात येणारा पाहुणा हॉटेलात राहायला येत नाही. अजिंठा आणि वेरूळ पाहायला येतो. अजिंठा शंभर किलोमीटर, म्हणून निघायची वेळ सगळ्यांची एकच, साडेसहा ते साडेसात. सत्तर पाहुण्यांना प्रत्येकी लिटरभर पाणी बरोबर हवे असते. नळातून मिनिटाला दोन लिटर येत असतील तर एक बाटली अर्ध्या मिनिटात भरते. झाकण काढणे, ठेवणे, मागच्याला जागा देणे धरून माणशी एक मिनिट. एकच नळ असेल तर सत्तर मिनिटांची रांग. तीन नळ असतील तर पंचवीस मिनिटांच्या आत उरकते, पण टाकीत तेवढे थंड पाणी आधी साठलेले हवे, नाहीतर विसाव्या पाहुण्यापासून पाणी कोमट येऊ लागते आणि एकविसावा रांगेतून बाहेर पडतो.

शिवाय भरायचे कशात? खोलीतली काचेची बाटली बाहेर नेता येत नाही, आणि नेली तरी लेण्यांच्या पायऱ्यांवर काच कुणाला हवी? हॉटेलाने स्वागतकक्षात स्टीलच्या लिटरभर बाटल्या अनामत घेऊन द्यायला हव्यात, चावीसारख्या नोंदवहीत लिहून. शासनाच्या 2018च्या अनामत योजनेला दुकानात जे जमले नाही ते इथे जमू शकते, कारण घेणारा आणि परत करणारा एकाच दारातून जातो. हे नसेल तर काय होते ते फर्दापूरच्या तिठ्यावर दिसते. खासगी गाड्या तिथे थांबतात, पुढे लेण्यांपर्यंत एसटीच्या बसने जायचे. आणि तिठ्यावरच्या दुकानांत थंड बाटल्यांचे खोके लावलेले असतात. हॉटेलात वाचलेली बाटली पाहुणा तिथे विकत घेतो, आणि ती रिकामी होते ती वाघूरच्या कड्यावर, जिथे हॉटेलाचा भंगारवाला पोचत नाही.

म्हणून एखादे हॉटेल बाटल्या खरोखर बंद करते आहे की नाही हे खोलीतली सूचना वाचून कळत नसेल, तर सकाळी सात वाजता फाटकाशी उभ्या असलेल्या टॅक्सीची डिकी पाहावी. तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यात बारा बाटल्या असतील. त्या चालकाने स्वतःच्या पैशाने आणलेल्या असतात, पाहुण्याला विचारून पाहुण्यालाच विकायला; आणि हॉटेलाने त्या चालकालाही एक वीस लिटरचा जार आणि नळाखाली गाडी उभी करायची परवानगी दिली, तर ते खोके त्याला लागणार नाही.